कुशाग्र मुलाचा कंटाळा आणि पालक-शिक्षक भेट

वर्गात शिकविले जाणारे आपल्या पाल्याला आधीच येते, म्हणून तो किंवा ती कंटाळते, ही तक्रार घेऊन शाळेत जाणाऱ्या पालकाची स्थिती मोठी नाजूक असते. मूल मागे पडत असेल तर काय बोलावे हे सर्वांना ठाऊक असते. शिक्षकांनाही ते ऐकण्याची सवय असते. परंतु मूल पुढे असल्याची तक्रार कानाला बढाईसारखी लागते. ती नीट मांडली नाही तर शिक्षकांवरील ठपक्यासारखीही लागते. म्हणून या भेटीत काय बोलावे, काय सोबत न्यावे आणि नेमके काय मागावे, याचा विचार या वेळी करू.

उदाहरणासाठी भिलाईतील एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. पोलाद कारखान्याच्या वसाहतीतील एका सेक्टरात ते राहते. वडील कारखान्यात पाळीने काम करतात. घरात मराठी चालते, गल्लीत हिंदी आणि शाळेत हिंदी व इंग्रजी. मुलगी सहावीत आहे. गणिताच्या तासाला ती दहा मिनिटांत उदाहरणे संपविते आणि मग शेजारणीशी बोलते किंवा वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढते. प्रगतिपुस्तकावर गुण उत्तम आहेत, परंतु खाली शेरा आहे: ‘लक्ष देत नाही, बडबड करते.’ हे कुटुंब कल्पित आहे. मात्र त्याची अडचण अनेक घरांत परिचयाची असेल.

आधी कंटाळ्याचे निदान

शाळेत जाण्यापूर्वी पालकांनी स्वतःशी एक गोष्ट पक्की करावी: हा कंटाळा खरोखर सोपेपणाचा आहे का? मुले ‘कंटाळा येतो’ हे एकच वाक्य पुष्कळ निरनिराळ्या दुखण्यांसाठी वापरतात. फळ्यावरचे दिसत नसेल, शिकविण्याची भाषा नीट उमगत नसेल, रात्री झोप पुरत नसेल, तरीही मूल हेच म्हणते. डोळ्यांची तपासणी झालेली नसेल तर ती आधी करून घ्यावी. कंटाळा सर्व विषयांत आणि खेळातही असेल, तर त्याचे मूळ अभ्यासाच्या सोपेपणात नाही असे धरून चालावे.

याहून फसवे कारण म्हणजे भीती. ज्या मुलाला पहिल्या चार-पाच इयत्तांत सारे आपोआप आले, त्याला अडण्याचा सराव नसतो. पहिले अवघड उदाहरण समोर आले की ते ‘मला कंटाळा आला’ म्हणून वही मिटते. याची परीक्षा घरीच होऊ शकते. तिला येत नाही असे, परंतु थोड्या खटपटीने सुटेल असे एक कोडे रविवारी सकाळी पुढे ठेवावे आणि आपण बाजूला व्हावे. ती त्यात रमली, चुकली तरी पुन्हा बसली, तर वर्गातील कंटाळा सोपेपणाचा असण्याचा संभव मोठा. पाच मिनिटांत कोडे दूर सारले आणि ‘हे फालतू आहे’ असे म्हणाली, तर आधी अडण्याची भीती घालवावी लागेल. एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये. दोन-तीन आठवड्यांत चार-पाच वेळा पाहावे.

सोबत काय न्यावे

‘माझी मुलगी फार हुशार आहे’ हे वाक्य भेटीत उच्चारूच नये. ते खरे असले तरी त्यातून शिक्षकांना करण्यासारखे काही हाती लागत नाही. त्याऐवजी दोन कागद न्यावेत.

पहिला कागद म्हणजे तीन आठवड्यांचे टिपण. रोज संध्याकाळी मुलीला सहज विचारून तीन गोष्टी लिहाव्यात: तासाला काय चालले होते, तिचे काम किती मिनिटांत संपले आणि उरलेल्या वेळात तिने काय केले. त्यात मत लिहू नये, फक्त घडलेले लिहावे. अशा टिपणातून कधी कधी पालकांचाच समज बदलतो. वेळ सगळ्याच तासांना उरत नसतो. गणिताला उरतो आणि हिंदीच्या शुद्धलेखनाला मुळीच उरत नाही, असे दिसून येते. मग बोलणे ‘शाळेत कंटाळते’ येथून ‘गणिताच्या तासाला सुमारे वीस मिनिटे रिकामी राहतात’ येथवर येते, आणि त्यावर उपाय करता येतो.

दुसरा कागद पुढील धड्याचा. वर्गात अपूर्णांकांचा धडा दोन आठवड्यांनी सुरू होणार आहे असे समजा. त्यातील निरनिराळ्या प्रकारांची वीस उदाहरणे निवडून, काहीही न शिकविता, तिला सोडवायला द्यावीत. सममूल्य अपूर्णांक, लहान-मोठेपणा, संक्षिप्त रूप, समान छेदांची बेरीज, भिन्न छेदांची बेरीज आणि पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची वजाबाकी, असे सर्व प्रकार त्यात असावेत. आपल्या उदाहरणातील मुलीने सतरा बरोबर सोडविली. चुकलेली तीनही एकाच जातीची निघाली. सव्वापाचातून पावणेतीन वजा करायचे होते, म्हणजे ५ १/४ − २ ३/४. तिने पाचातून दोन वजा केले आणि तीन चतुर्थांशांतून एक चतुर्थांश वजा करून ३ २/४ असे उत्तर लिहिले. वरचा अपूर्णांक लहान असेल तर पूर्णांकातून एक मोडून घ्यावा लागतो आणि उत्तर २ १/२ येते, हे तिला ठाऊक नव्हते.

हा कागद दोन कारणांनी मोलाचा आहे. धड्याचा बराच भाग तिला येतो हे त्यावरून दिसते, आणि तिला सर्व येत नाही हेही दिसते. ही दुसरी गोष्ट शिक्षकांना आपण होऊन सांगणारा पालक त्यांचा विश्वास लगेच मिळवितो. शिवाय या एका प्रकारापुरती मुलगी इतर मुलांइतकीच गरजू आहे. तो तास तिला सोडता येणार नाही.

भेटीची वेळ आणि पहिले वाक्य

पालक-शिक्षक सभेच्या दिवशी वर्गाबाहेर रांग असते आणि एकेका पालकाच्या वाट्याला पाच-सात मिनिटे येतात. तेवढ्यात हा विषय निघाला तर ‘हो, हुशार आहे, पण बोलते फार’ येथेच संपतो. म्हणून सभेच्या दिवशी फक्त वेगळी वेळ मागावी: ‘गणिताच्या तासाबद्दल वीस मिनिटे बोलायचे होते, आपल्याला कोणता दिवस सोयीचा?’ वडिलांची पाळी बदलती असेल तर आई-वडील दोघांनाही जाता येईल असे दोन-तीन दिवस आधीच काढून ठेवावेत. पहिली भेट गणिताच्या शिक्षिकेशी किंवा वर्गशिक्षिकेशी घ्यावी. थेट प्राचार्यांकडे जाण्याने काम लवकर होत नाही, मन मात्र दुखावते.

भिलाईत हे बोलणे बहुधा हिंदीत होईल. घरी आपण सहज ‘कंटाळते’ म्हणतो; परंतु ‘क्लास में बोर होती है’ हे वाक्य शिक्षिकेच्या कानी ‘तुमचे शिकविणे कंटाळवाणे आहे’ असे पडते. तो शब्द टाळावा आणि वेळेबद्दल बोलावे. सुरुवात अशी करता येईल: ‘मॅडम, तिचे काम लवकर संपते आणि मग ती इतरांना त्रास देते, हे आपल्या शेऱ्यावरून कळले. तो वेळ कसा भरावा, याविषयी आपला सल्ला हवा होता.’ यात दोष मुलीच्या बडबडीचा आहे, शिकविण्याचा नाही. शिवाय शिक्षिकेचीही एक अडचण यातून सुटणार आहे. त्यानंतर त्यांना बोलू द्यावे. वर्गात मूल घरच्यापेक्षा वेगळे असते; घरी न दिसलेले काही त्यांनी पाहिलेले असेल तर ते लिहून घ्यावे.

मागणी एकच आणि लहान

शिक्षिकेसमोर पस्तीस-चाळीस मुले असतात. ‘तिच्यासाठी काहीतरी वेगळे करा’ ही मागणी म्हणूनच निष्फळ ठरते, कारण ते ‘काहीतरी’ शोधण्याचे सारे ओझे त्यांच्यावर पडते. मागणी अशी असावी की ती मान्य केल्याने त्यांचे काम वाढू नये. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञांनी रूढ केलेल्या दोन साध्या युक्त्या येथे उपयोगी पडतात.

पहिली युक्ती म्हणजे धडा सुरू होण्यापूर्वी चाचणी. आपण घरी घेतलेली चाचणी केवळ सूचक आहे. मुलीला घरी शिकविलेले असू शकते, अशी शंका शिक्षिकेला येणे स्वाभाविक आहे. म्हणून त्यांनीच आपल्या निवडीची उदाहरणे वर्गात किंवा मधल्या सुट्टीत द्यावीत, अशी विनंती करावी. जो भाग येतो तो वगळावा, जो येत नाही तो तिने सर्वांबरोबर शिकावा. कनेक्टिकट विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, निवडलेल्या कुशाग्र मुलांच्या बाबतीत शिक्षकांना नेहमीच्या पाठ्यक्रमाचा सुमारे ४० ते ५० टक्के भाग वगळता आला आणि तरी परीक्षेतील गुण घसरले नाहीत.

दुसरी युक्ती रोजच्या सरावासाठी आहे: सर्वांत अवघड पाच उदाहरणे आधी. शिक्षिका स्वाध्यायातील पाच कठीण उदाहरणांवर खूण करतील. मुलीने ती नीट पायऱ्या मांडून सोडविली आणि निदान चार बरोबर आली, तर उरलेल्या सरावातून तिची सुटका. चार आली नाहीत तर पूर्ण स्वाध्याय करायचा. ही सवलत वर्गातील कोणालाही खुली ठेवावी. त्यामुळे एकाच मुलीचे लाड होतात असे कोणाला वाटणार नाही, आणि जिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते अशी एखादी दुसरी मुलगीही पुढे येईल.

सुटलेल्या वेळात काय

येथे बहुतेक ठरावांची नाव बुडते. वेळ मोकळा झाला आणि त्यात घालायला काही नसले, तर तीन गोष्टींपैकी एक घडते. त्याच जातीची आणखी वीस उदाहरणे दिली जातात. मग लवकर काम संपविणे ही शिक्षा ठरते आणि मुलगी मुद्दाम हळू लिहू लागते. किंवा तिला मॉनिटर करून इतरांच्या वह्या तपासायला बसवितात. अधूनमधून ते चांगले, परंतु रोजच ते झाले तर ती स्वतः काही शिकत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे तिला पुढच्या इयत्तेचे पुस्तक देतात. हे आकर्षक दिसते, पण सातवीचे गणित सहावीत संपल्यावर सातवीत काय करायचे? पुढील वर्षांची व्यवस्था शाळेने मान्य केली नसेल तर कंटाळा फक्त एक वर्ष लांबतो.

म्हणून त्याच धड्यात खोल जाणे बरे. वेगळ्या वहीचा खर्च आणि प्रश्नांची निवड पालकांनी अंगावर घ्यावी, आणि वहीचे पहिले पान भेटीतच दाखवावे. आपल्या मुलीच्या वहीत अपूर्णांकांचा हा प्रश्न घालता येईल: ज्यांचा अंश एक आहे अशा, आणि एकमेकांहून वेगळ्या अपूर्णांकांची बेरीज करून ४/५ मिळवा. प्राचीन इजिप्तमधील लेखनिक अपूर्णांक असेच मांडीत. रीत साधी आहे. ४/५ मधून मावेल तो सर्वांत मोठा, म्हणजे १/२ काढा, उरतात ३/१०. त्यातून मावणारा सर्वांत मोठा १/४ काढा, उरतो १/२०. म्हणून ४/५ = १/२ + १/४ + १/२०. आता पुढचे प्रश्न: याहून दुसरे उत्तर आहे का? (आहे: १/२ + १/५ + १/१०.) ५/७ चे काय होते? आणि ही रीत प्रत्येक वेळी संपतेच का? मुलीने शिलकीचे अंश ओळीने लिहून पाहिले तर तिला दिसेल की ते ४, ३, १ असे उतरत जातात. ५/७ मध्येही ५, ३, १. अंश दर वेळी लहान होत असेल तर तो कधीतरी एकावर येणारच. या शोधाला तिला कित्येक दिवस लागू शकतील, आणि तेवढ्यात भिन्न छेदांच्या वजाबाकीचा सराव स्वाध्यायापेक्षा अधिक होऊन जाईल.

संख्यांचा धडा असेल तर देवळालीच्या शाळेतील शिक्षक द. रा. काप्रेकर यांनी १९४९ साली शोधलेला ६१७४ हा अंक घ्यावा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, मात्र चारही अंक एकच नसावेत. तिच्या अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करून वजाबाकी करा, आणि येणाऱ्या उत्तरावर तीच कृती पुन्हा करा. ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येते आणि तेथे पोहोचायला सातांहून अधिक पायऱ्या कधी लागत नाहीत. २०२४ साली आलेल्या एनसीईआरटीच्या सहावीच्या गणिताच्या पुस्तकातही काप्रेकरांचा हा अंक आहे, त्यामुळे तो बाहेरचा वाटणार नाही. पुस्तक थांबते तेथून वहीने पुढे जावे. तीन अंकी संख्यांत काय होते? दोन अंकी संख्यांत एकाच अंकावर का थांबता येत नाही? प्रत्येक वजाबाकीला नऊने भाग का जातो?

या वहीचे नियम भेटीतच ठरावेत. शिक्षिका शिकवीत असताना वही उघडायची नाही. अडले तर त्याच वेळी विचारायचे नाही, प्रश्न शेवटच्या पानावर लिहून ठेवायचा. शिक्षिकेला सवड असेल त्या एका दिवशी त्यांनी तो पाहावा. धड्याअंतीची परीक्षा मुलगी सर्वांबरोबर देईल. त्यात गुण घसरले तर पुढील धड्यापुरती सवलत बंद. ही शेवटची अट पालकांनी स्वतःहून मांडावी. तिच्यामुळे शिक्षिकेला होकार देणे सोपे जाते.

इयत्ता ओलांडण्याचा प्रश्न

भेटीत ‘मग हिला वरच्या वर्गात का बसवू नये?’ हा प्रश्न कधीतरी निघतो. तो पहिल्याच भेटीत पालकांनी काढू नये. एका विषयात पुढे असणे आणि सर्व विषयांत पुढे असणे यांत फार अंतर आहे. ज्या मुलीला हिंदीचे शुद्धलेखन जड जाते तिला वरच्या वर्गात गणित सोपे आणि बाकी सारे अवघड जाईल. शिवाय प्रवेशाच्या वयाचे नियम असतात, आणि तिला स्वतःला मैत्रिणी सोडायच्या आहेत का, हेही विचारावे लागते. सर्वच विषयांत मूल वर्षभराहून अधिक पुढे असल्याचे वारंवार दिसले, तर मात्र हा विचार निराळा आणि सविस्तर करावा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लेटा हॉलिंगवर्थ यांचे निरीक्षण असे होते की, १४० बुद्ध्यंकाच्या मुलाचा सामान्य शाळेत निम्मा वेळ फुकट जातो आणि १७० च्या मुलाचा जवळजवळ सर्व. अशा विरळा मुलांना एक वही पुरणार नाही. त्यांच्यासाठी वेगळी शाळा असावी हा विचार महाराष्ट्रात आप्पा पेंडसे यांनी पुण्यात १९६२ साली ज्ञान प्रबोधिनीची स्थापना करून पुढे नेला.

भिलाईत आणखी एक वाट पालकांना खुणावते: अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेची शिकवणी सहावी-सातवीपासूनच लावणे. तिच्या गुणदोषांचा विचार निराळा; परंतु वर्गातील रिकाम्या वीस मिनिटांवर तो उपाय नव्हे. संध्याकाळी पुढचे शिकून आलेली मुलगी सकाळी वर्गात अधिकच रिकामी बसेल.

भेटीनंतर

भेटीला जाण्यापूर्वी मुलीला सारे सांगावे आणि तिची संमती घ्यावी. भेटीच्या वेळी मात्र तिला शेजारी उभे करून तिच्या बुद्धीची चर्चा करू नये. परतल्यावर त्याच दिवशी शिक्षिकेला चार ओळींची चिठ्ठी पाठवावी. त्यात आभार, काय ठरले, कोणत्या धड्यापासून सुरुवात आणि पुन्हा कधी भेटायचे, एवढेच असावे. पुढील भेट तीन आठवड्यांनी ठेवावी.

त्या भेटीत तीन गोष्टी पाहाव्यात. खुणेची पाच उदाहरणे ती पायऱ्या मांडून सोडविते, की सुटकेच्या घाईने उरकते? वहीत खोडलेली, फसलेली पाने आहेत का? सारे बरोबरच असेल तर प्रश्न अजून सोपेच आहेत. आणि बडबड कमी झाली का? शिक्षिकेने नकार दिला असेल तर वाद न घालता फक्त एकाच धड्यापुरती परवानगी मागावी. तीही मिळाली नाही तर तीन आठवड्यांचे नवे टिपण घेऊन, शिक्षिकेला कळवूनच, मुख्याध्यापकांची भेट मागावी. सहा आठवड्यांनंतरही वही कोरी राहिली आणि कंटाळा तसाच असला, तर पहिल्या निदानाकडे परत वळावे: कारण कदाचित सोपेपणाचे नसेल, आणि मग विचारायचे प्रश्नही निराळे असतील.